लस कमी असताना ‘आधी येईल त्याला आधी’ हा न्याय नव्हे

कोविडच्या लसीबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य मला आजही ऐकू येतं. “डॉक्टर, सगळ्यांना संधी सारखीच होती. ज्याने आधी नंबर लावला, त्याला आधी मिळाली.” म्हणणारी माणसं चांगली असतात आणि त्यांना हे मनापासून न्याय्य वाटतं. मला ते मान्य नाही. का नाही, ते या लेखात सांगतो. थोडं गणित आहे, पण शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडचं काही नाही.

आधी काय घडलं ते आठवा. १६ जानेवारी २०२१ ला आपल्याकडे लसीकरण सुरू झालं. पहिले आरोग्य कर्मचारी, फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून पोलीस, पालिका कर्मचारी वगैरे आघाडीवरचे कर्मचारी. १ मार्चपासून साठीच्या पुढचे सगळे, आणि ४५ ते ५९ मधले पण ठरावीक आजार असलेले. १ एप्रिलपासून ४५ च्या पुढचे सगळे. १ मेपासून १८ च्या पुढचे सगळे. गट पाडताना विचार झाला होता, आणि पहिल्या पायऱ्या बऱ्याच अंशी बरोबरही होत्या. घोळ झाला तो गटाच्या आत. गट एवढा मोठा आणि डोस एवढे थोडे, की गटात असणं म्हणजे लस मिळणं नव्हतंच. मग गटातल्या गटात आधी कोण? हा प्रश्न धोरणाने सोडवला नाही. तो सोडवला मोबाईलने.

हे किती महत्त्वाचं होतं हे कळायला वयाचा हिशेब बघू. कोविडची लागण झालेल्या माणसांपैकी किती दगावतात, याचा वयानुसार अंदाज २०२० मध्येच हाती आला होता. आकडे मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत आणि लस येण्याआधीचे आहेत, त्यामुळे आपल्याकडे ते थोडे इकडेतिकडे होतील. पण त्यांचा चढ बघा. २५ व्या वर्षी लागण झालेल्या दहा हजारांत एक मृत्यू. ५५ व्या वर्षी दहा हजारांत ४०. पासष्टीला १४०. पंचाहत्तरीला ४६०. पंच्याऐंशीला १,५००. म्हणजे वय दहा वर्षांनी वाढलं की धोका सव्वातीन-साडेतीन पटींनी वाढतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: दहा वर्षं म्हणजे तिपटीहून थोडं जास्त.

आता समजा तुमच्याकडे दहा हजार डोस आहेत, आणि लस न मिळाल्यास पुढच्या काही महिन्यांत दर दहा माणसांमागे एकाला लागण होणार आहे. हे डोस २५ वर्षांच्या दहा हजार तरुणांना दिले, तर ज्या हजार जणांना लागण झाली असती त्यांच्यात एक मृत्यूही निघत नाही, गणिताने ०.१ येतो. ५५ वर्षांच्यांना दिले तर चार मृत्यूंचा प्रश्न आहे. पंचाहत्तरीच्या लोकांना दिले तर ४६ मृत्यूंचा. लस शंभर टक्के काम करत नाही, त्यामुळे वाचणारे जीव याहून थोडे कमी. पण प्रमाण तेच राहतं. लस तीच, सिरिंज तीच, टोचणारी सिस्टरही तीच. फरक फक्त दंड कोणाचा होता, एवढाच.

इथे कोणीतरी म्हणणार, “डॉक्टर, पंचविशीच्या मुलापुढे आयुष्य पडलंय. पंचाहत्तरीच्या माणसाची किती वर्षं उरलीत?” प्रश्न कठोर आहे, पण रास्त आहे. तर वर्षंही मोजू. तरुणाची ५० वर्षं उरलीत असं धरू, वृद्धाची १०. तरुणांच्या दहा हजार डोसांमागे ०.१ गुणिले ५०, म्हणजे ५ वर्षं. वृद्धांच्या दहा हजार डोसांमागे ४६ गुणिले १०, म्हणजे ४६० वर्षं. उरलेल्या वर्षांनी मोजलं तरी वृद्धच पुढे, आणि तेही नव्वदपटीहून जास्त.

हे कोविडपुरतं खरं आहे, सगळ्या साथींना लागू नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी उलटं होतं. तेव्हा अमेरिकेने लसीच्या पहिल्या रांगेत गरोदर स्त्रिया, तान्ह्या बाळांच्या घरातली माणसं, आरोग्य कर्मचारी, मुलं-तरुण आणि आजार असलेले प्रौढ यांना घेतलं होतं. निरोगी वृद्ध मागे होते. कारण तो विषाणू वृद्धांना कमी आणि तरुणांना जास्त गाठत होता. क्रम रोग बघून ठरतो.

आता आपल्या १ मार्चच्या गटाकडे या. साठीच्या पुढचे सगळे एका गटात. म्हणजे ६१ वर्षांचे निवृत्त बँक अधिकारी आणि ८२ वर्षांच्या त्यांच्या आई, दोघांचा हक्क एकाच दिवशी सुरू झाला. वरच्या हिशेबाने या दोघांच्या धोक्यात सुमारे बारापट अंतर आहे. पोर्टलला हे अंतर दिसत नव्हतं. त्याला दिसत होतं ते एवढंच, की बटण कोणी आधी दाबलं. सुरुवातीला केंद्रावर थेट जाऊनही नोंद होत होती हे खरं. पण पहाटे पाचला केंद्राबाहेर उभं राहायला गुडघे लागतात, आणि ते ६१ व्या वर्षी ८२ पेक्षा बरे असतात!

ब्रिटनने काय केलं ते बघा. वृद्धाश्रमांतले रहिवासी आणि त्यांची काळजी घेणारे पहिले. मग ८० च्या वरचे आणि आघाडीचे आरोग्य कर्मचारी. मग ७५ च्या वरचे. मग ७० च्या वरचे आणि अतिगंभीर आजारी. मग ६५. मग १६ ते ६४ मधले आजार असलेले. मग ६०, ५५, ५०. पाच-पाच वर्षांच्या पायऱ्या. नव्वदीच्या आजीला लॅपटॉपवर कोणाशी शर्यत लावायची गरज पडली नाही. तिच्या डॉक्टरकडे तिचं वय लिहिलेलं होतं आणि तिला बोलावणं आलं.

“त्यांच्याकडे नोंदी आहेत, आपल्याकडे कुठे?” हे उत्तर तयारच असतं. आपल्याकडेही होत्या. लसीकरणाच्या मार्गदर्शक सूचना डिसेंबर २०२० मध्ये निघाल्या तेव्हा पन्नाशीच्या पुढची माणसं शोधायला मतदार यादी वापरायची, असं त्यातच लिहिलं होतं. मतदार यादीत प्रत्येकाचं वय असतं आणि ती मतदान केंद्रानुसार, म्हणजे गल्लीनुसार लावलेली असते. शिवाय महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं घरोघरी जाऊन कोणाला मधुमेह, कोणाला दम्याचा त्रास, हे विचारून आली होती. मतदान घ्यायचं असतं तेव्हा आपण डोंगरावरच्या चार मतदारांसाठी यंत्र घेऊन चालत जातो. लस द्यायची वेळ आली तेव्हा त्याच माणसांना सांगितलं, ओटीपी बघा.

आता आजारांच्या दाखल्याकडे. ४५ ते ५९ या वयात लस हवी तर वीस आजारांच्या यादीतला एखादा असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र लागायचं. मार्च २०२१ मध्ये मीही अशी प्रमाणपत्रं दिली. यादी वाईट नव्हती. डायलिसिसवरचे, अवयवरोपण झालेले, कर्करोगावर उपचार चालू असलेले यांना पुढे आणणं योग्यच होतं. अडचण ही, की प्रमाणपत्र हे दार होतं. उघडं नाहीतर बंद. धोका मात्र चढण असतो.

एक उदाहरण सोडवून बघू. एक ४७ वर्षांचे गृहस्थ, बारा वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी चालू. यादीत बसतात. दुसरे ५८ वर्षांचे, निरोगी, एकही गोळी नाही. यादीत बसत नाहीत, त्यांनी १ एप्रिलपर्यंत थांबायचं. कोणाला धोका जास्त? इंग्लंडमधल्या एक कोटी सत्तर लाख प्रौढांच्या नोंदींवरून २०२० मध्ये निघालेल्या अभ्यासात अनियंत्रित मधुमेहाने मृत्यूचा धोका साधारण दुप्पट दिसला, अवयवरोपणाने साधारण साडेतीनपट. तरुण वयात मधुमेहाचा वाटा मोठा असतो, म्हणून आपण ४७ च्या गृहस्थांसाठी तिप्पट धरू. पण दुसऱ्यांचं वय अकरा वर्षांनी जास्त आहे, आणि अकरा वर्षं म्हणजे पावणेचारपट. निरोगी माणूस मागे राहिला आणि त्याचा धोका मोठा होता. मधुमेहाला महत्त्व देऊ नका असं मी म्हणत नाही. त्याला वर्षांत मोजा. अनियंत्रित मधुमेह असेल तर वयात सहा वर्षं मिळवा. रोपण झालं असेल तर दहा. मग सगळ्यांना एकाच रांगेत, त्या मिळवलेल्या वयाने उभं करा. दार नको, प्रमाणपत्राची घासाघीस नको, आणि ज्याचा ओळखीचा डॉक्टर आहे त्याचा फायदाही आपोआप कमी होतो.

आता संसर्गाच्या संधीचा, म्हणजे कोण किती माणसांच्या तोंडासमोर उभा राहतो याचा प्रश्न. तो वयाइतकाच खरा आहे, कारण धोका म्हणजे लागण होण्याची शक्यता गुणिले लागण झाल्यावर दगावण्याची शक्यता. एसटीचा ५५ वर्षांचा वाहक घ्या. घरात बसून असलेल्या माणसापेक्षा त्याला लागण होण्याची शक्यता चौपट आहे असं धरा. पंचावन्नचे दहा हजारांत ४०, गुणिले चार, १६०. घरीच असलेल्या पासष्टीच्या माणसाचे १४०. म्हणजे वाहक पुढे, थोडासा. इथे संसर्गाची संधी वयावर मात करते आणि करायलाच हवी. पण तिशीतला, घरोघरी पार्सल पोचवणारा मुलगा घ्या. त्या वयात दहा हजारांत दोन. त्याला पाचपट संधी धरली तरी दहा होतात. घरात बसलेले पंचावन्नचे काका अजूनही त्याच्या चौपट धोक्यात आहेत. वयाने धोका शेकडो पटींनी बदलतो, कामाच्या स्वरूपाने चार-पाच पटींनी. त्यामुळे कामाचं स्वरूप हे साधारण दहा-बारा वर्षांच्या अंतरातल्या माणसांची अदलाबदल करू शकतं, त्याहून जास्त नाही.

मग आरोग्य कर्मचारी सगळ्यांच्या आधी का? २८ वर्षांची निवासी डॉक्टर तर वयाच्या हिशेबात खूप मागे आहे. कारण तिला लस देताना आपण फक्त तिचा जीव मोजत नाही. तिच्या वॉर्डात विषाणू रोज आहे, तिच्याकडून तो अशक्त रुग्णांकडे जाऊ शकतो, आणि ती चौदा दिवस घरी बसली तर तिच्या खाटांवरच्या रुग्णांकडे बघायला दुसरं कोणी नसतं. हा गट मुळात संसर्गाच्या संधीमुळे पहिला आहे. म्हणून या गटाच्या आतला क्रमही त्याच कारणाने लागला पाहिजे. आयसीयूतली सिस्टर, कोविड वॉर्डातला वॉर्डबॉय, तिथला कचरा उचलणारा सफाई कामगार आधी. बिलिंगचे साहेब आणि विश्वस्त नंतर.

हे उलटं झालं की काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण डिसेंबर २०२० मधलं, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डचं. पहिले पाच हजार डोस कोणाला द्यायचे हे त्यांनी गुण देणाऱ्या सूत्राने ठरवलं. वयाला गुण होते, विभागातल्या संसर्गाला गुण होते. यादी लागली तेव्हा तेराशेहून जास्त निवासी डॉक्टरांपैकी फक्त सात जण तिच्यात होते. ही मंडळी कोविड रुग्णांना हाताळत होती. पण ती वयाने लहान, आणि सतत वेगवेगळ्या विभागांत फिरत असल्यामुळे सूत्राला हवा असलेला एक ठरलेला विभाग त्यांच्या नावापुढे नव्हता. घरून काम करणारे काही वरिष्ठ मात्र पुढे आले. निवासी डॉक्टरांनी निदर्शनं केली, रुग्णालयाने माफी मागितली. सूत्र वापरलं हा दोष नव्हता. ज्या कारणासाठी गट केला ते कारणच आतल्या क्रमात हरवलं, हा दोष होता. यादी तयार झाल्यावर कोणीतरी दहा मिनिटं बसून “कोविड वॉर्डात काल रात्री ड्युटीला कोण होतं? ती माणसं यात आहेत का?” एवढं विचारलं असतं तरी चूक दिसली असती.

आपल्याकडे याच गटाला वेगळी कीड लागली. दार एकदा उघडल्यावर आरोग्य कर्मचारी वाढतच गेले. एप्रिल २०२१ च्या सुरुवातीला केंद्राने या दोन्ही गटांतली नवी नोंदणीच बंद केली, कारण अपात्र लोक त्यात शिरत होते. काही दिवसांत आरोग्य कर्मचाऱ्यांच्या नोंदी २४ टक्क्यांनी फुगल्या होत्या. मला माहीत असलेल्या एका खाजगी रुग्णालयात संचालकांचे नातेवाईक ‘कर्मचारी’ झाले होते, आणि कंत्राटी सफाई कामगारांची नावं कंत्राटदाराने पाठवायची की रुग्णालयाने, यावर दोन आठवडे पत्रव्यवहार चालला.

आणि मग १ मे. पुरवठा वाढला नव्हता, दार मात्र अठराच्या पुढे सगळ्यांना उघडलं, तेही फक्त ऑनलाइन नोंदणीने. शहरांतल्या मुलांनी गाड्या काढल्या आणि चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या ग्रामीण केंद्रांवर जाऊन लस घेतली. गावातली माणसं दाराशी उभी राहून बघत होती. त्या मुलांना मी दोष देत नाही, नियमाप्रमाणेच वागत होती ती. दोष नियमाचा. महाराष्ट्राने दहा-बारा दिवसांतच १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं आणि त्यांच्यासाठी घेतलेले कोव्हॅक्सिनचे डोस दुसऱ्या डोससाठी अडकलेल्या ४५ च्या वरच्यांकडे वळवले. निर्णय बरोबर होता. पण आधी सगळ्यांना दार उघडायचं आणि मग तोंडावर बंद करायचं, यात लोकांचा विश्वास जातो. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल नोंदणीवर बोट ठेवलं: ज्यांच्याकडे साधनं नाहीत ते मागे राहतील.

“पण काटेकोर क्रम लावत बसलात तर वेग जाईल आणि डोस वाया जातील,” हा माझ्याच व्यवसायातल्या मित्रांचा आक्षेप. तो मी गंभीरपणे घेतो. कोविशिल्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची. नियमाला चिकटून दोन डोस फेकले, तर तो क्रम कोणाच्याही उपयोगाचा नाही. म्हणून क्रम किती बारीक असावा यालाही मर्यादा आहे. महिन्यामहिन्याने वय मोजत बसू नये. पाच वर्षांच्या पायऱ्या पुरतात.

तीस हजार वस्तीचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा. साठीच्या वरचे साधारण तीन हजार. त्यातले ऐंशीच्या वरचे ३०० धरू, सत्तरीतले ८००, साठीतले १,९००. आठवड्यात दोन दिवस, प्रत्येकी शंभर डोस. क्रम लावला तर ऐंशीच्या वरचे दीड आठवड्यात होतात. सत्तरीतले पुढच्या चार आठवड्यांत. साठीतल्या शेवटच्या माणसाला पंधरा आठवडे थांबावं लागतं. क्रम न लावता सगळ्यांना एकदम बोलावलं, तरी शेवटचा माणूस पंधराव्या आठवड्यातच येतो. डोस तेवढेच आहेत! फरक एवढाच, की तो शेवटचा माणूस बहुधा ८४ वर्षांचा, वस्तीवर राहणारा, फोन नसलेला असतो. आणि अंथरुणाला खिळलेला असेल तर तो पंधराव्या आठवड्यातही येत नाही. मुंबईत अशा रुग्णांना घरी जाऊन लस द्यायला २०२१ चा जुलै-ऑगस्ट उजाडला, तोही उच्च न्यायालयात याचिका झाल्यावर.

एकाच पायरीत उरलेले, सारख्याच वयाचे, सारख्याच कामाचे शंभर जण आहेत आणि डोस साठ. मग? तिथे पहिलं बटण कोणी दाबलं हे बघू नका, चिठ्ठ्या टाका. लोक हसतील असं वाटतं, पण म्हाडाच्या घरांची सोडत आपण वर्षानुवर्षं मान्य करतो, कारण चिठ्ठीला तुमचं इंटरनेट किती वेगवान आहे हे कळत नाही.

आणि चार वाजता कुपीत उरलेल्या दोन डोसांचं उत्तर सकाळीच तयार असावं लागतं. पुढच्या पायरीतल्या, केंद्रापासून पंधरा मिनिटांत चालत येऊ शकणाऱ्या वीस जणांची राखीव यादी, तीही वयाच्याच क्रमाने. तीन वाजता आशाताई वरून फोन लावायला सुरुवात करतील. पहिला उचलत नसेल तर दुसरा. वीसही संपले तर आवारात जो कोणी असेल त्याला द्या, अगदी पंचविशीच्या रुग्णवाहिका चालकालाही. दुसऱ्या दिवशी राखीव डोस कोणकोणत्या वयाला गेले, हे नाव आणि आजार न लिहिता केंद्राच्या फलकावर लावा.